आतेबहिणीला पाठवलेल्या पाच ओळी

‘नीट’चा निकाल १४ जून २०२५ ला, शनिवारी लागला. आतेबहिणीची ही दुसरी खेप. आत्याने घरच्या ग्रुपवर स्कोअरकार्डाचा फोटो टाकला आणि त्याखाली फुलांचे गुच्छ, पेढ्यांची चित्रं सुरू झाली. मला तिला वेगळं, तिच्या एकटीच्या नंबरवर चार शब्द लिहायचे होते. शेवटी पाच ओळी झाल्या आणि त्यांना तासभर लागला. त्या तासात काय लिहिलं, काय खोडलं आणि का, ते इथे मांडते. एकदा हुकलेल्या मुलाला किंवा मुलीला अभिनंदन लिहिताना हात चुकतो त्या जागा बहुतेक घरांत त्याच असतात.

लिहायच्या आधी स्कोअरकार्ड नीट वाचलं. गेल्या वर्षी तिला ७२० पैकी ५८८ होते. यंदा ५३१. ग्रुपवर एका काकांनी ‘मार्क थोडे कमी झाले, पण असू दे’ असं लिहिलं होतं, आणि त्याच्याच खाली कुणीतरी ‘गेल्या वर्षीपेक्षा भरघोस यश’ असं. पहिल्याने आकडे पाहिले पण अर्थ पाहिला नाही, दुसऱ्याने आकडेच पाहिले नाहीत. या परीक्षेत दोन वर्षांचे गुण शेजारी ठेवून चालत नाही. २०२४ ला गुण इतके वर गेले होते की सुधारित निकालातसुद्धा ७२० पैकी ७२० मिळवणारे १७ जण होते. २०२५ ला देशात पहिला आलेल्याला ६८६ मिळाले, कारण यंदाचं फिजिक्स फार अवघड गेलं. शिवाय पेपरची ठेवणच बदलली. २०२४ पर्यंत २०० प्रश्न छापलेले असत, त्यांतले १८० सोडवायचे आणि वेळ २०० मिनिटं. यंदा १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, आणि वेळ १८० मिनिटं. म्हणून गुण ५७ ने उतरूनही तिची रँक लाखाच्या घरातून वीस-बावीस हजारांवर आली. बघायची ती ओळ रँकची. मेसेजात गुण लिहायचे नाहीत हे तिथेच ठरलं, कारण आकडा लिहिला की वाचणारी मनात वजाबाकी करतेच.

दुसरं काम गेल्या वर्षी नेमकं काय झालं होतं ते आठवण्याचं. ‘एकदा नापास झाली’ हे बाहेरून तीन शब्दांत म्हणता येतं, पण तिच्याकडे त्याचा एक अख्खा पावसाळा आहे. २०२४ चा निकाल १४ जूनला लागणार होता, तो दहा दिवस आधीच लागला. ४ जूनला, लोकसभेची मतमोजणी चालू होती त्या दिवशी. टीव्हीवर आकडे धावत होते आणि तिचा आकडा तिने आतल्या खोलीत मोबाइलवर पाहिला. तेव्हा तो ५९३ होता. मग पेपरफुटीचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेरपरीक्षा होणार की नाही यात जुलै निघाला. २३ जुलैला न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. त्याच सुनावणीत फिजिक्सच्या एका प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर धरली होती त्यांतलं एकच खरं ठरलं. २६ जुलैच्या सुधारित निकालात तिचे बरोबर उत्तराचे ४ गेले, चुकीचा १ कापला गेला आणि ५९३ चे ५८८ झाले. तोवर तिचं ठरत नव्हतं, आयुर्वेदाला प्रवेश घ्यायचा की वर्षभर थांबायचं. ‘गेल्या वर्षीचं अपयश’ हे तीन शब्द लिहिले की तिला निकाल एकटाच आठवणार नाही, हे सगळं आठवेल. लिहिणाऱ्याला ते तीन शब्द स्वस्त पडतात, वाचणारीला नाही.

पहिला खर्डा तयार वाक्यांचा निघाला. ‘हार्दिक अभिनंदन! अपयश ही यशाची पहिली पायरी असते, हे तू सिद्ध केलंस. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.’ यात शब्द चुकीचा एकही नाही, पण चौकातल्या फ्लेक्सवर नाव बदलून तेच लावता येईल. त्यात तिच्याविषयी एकच माहिती आहे, ती म्हणजे ती आधी नापास झाली होती. आनंदाच्या निरोपातली एकमेव वैयक्तिक गोष्ट हीच असावी, हे बरोबर नाही. अख्खा खर्डा पुसला.

दुसऱ्या खर्ड्यात बोलीभाषा आली आणि तिच्याबरोबर तिचे छोटे छोटे शब्दही. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. ‘शेवटी करून दाखवलंस!’ असं लिहिलं होतं. ‘शेवटी’ म्हणजे उशिरा. ‘करून दाखवलंस’ म्हणजे कुणाला तरी दाखवायचं होतं, कुणाचा तरी विश्वास नव्हता. दुसऱ्यांदा बसलेल्या मुलीला कुणाचा विश्वास नव्हता ते चांगलं माहीत असतं आणि तिला त्या माणसांची आठवण आपण आज करून देतो. ‘एकदाची निघालीस’ यात घरच्यांचा थकवा आहे. ‘या वेळी तरी’ यातला ‘तरी’ मागच्या वेळेकडे बोट दाखवतो. ‘अखेर’ वर्तमानपत्रात चालतो, बहिणीला नाही. हे शब्द आपण प्रेमानेच लिहितो आणि म्हणूनच ते निसटून जातात. उपाय सोपा आहे: वाक्य लिहून झालं की हे शब्द काढून ते पुन्हा वाचायचं. ‘शेवटी केलंस’ मधला ‘शेवटी’ काढला की ‘केलंस’ उरतं, आणि ते एकटं जास्त मोठं वाटतं.

तिसरा धोका ‘च’चा. ‘मला माहीतच होतं’, ‘तू करणारच होतीस’. ऐकायला हा भरवसा आहे. पण गेल्या वर्षीही हेच वाक्य तिने पंधरा जणांकडून ऐकलं होतं, आणि तेव्हा झालं नव्हतं. शिवाय जे होणारच होतं त्यात तिची मेहनत ती काय? ‘करणारच होतीस’ म्हणताना आपण तिचं नऊ महिन्यांचं काम नशिबाच्या खात्यात टाकतो. आणि ‘तू पहिल्यापासून हुशारच’ हे तर मुळीच लिहायचं नाही. हुशार होती तर मग मागच्या वर्षी काय झालं, हा प्रश्न त्या वाक्याच्या पोटातच आहे.

एवढं खोडल्यावर ‘चिमे, अभिनंदन!’ एवढंच उरलं. आता भर कशाची घालायची? या वर्षात तिने काय वेगळं केलं, आणि त्यातलं मला खरोखर माहीत असलेलं काय, अशी एक गोष्ट शोधायची. एकच. दोन लिहिल्या की यादी होते आणि यादी प्रशस्तिपत्रकासारखी वाचली जाते.

ती गोष्ट म्हणजे तिची निळ्या पुठ्ठ्याची फुलस्केप वही. दिवाळीत तिने ती दाखवली होती. प्रत्येक सराव पेपरनंतर त्यात दोन रकाने भरायचे. एकाचं नाव ‘येत होतं, चुकलं’, दुसऱ्याचं ‘अडकून बसले’. दुसऱ्या रकान्यात प्रश्नाचा नंबर आणि पुढे लाल पेनाने मिनिटं. २०२४ ला तिने पेपर फिजिक्सपासून सुरू केला होता. चार-पाच गणितांवर ती अडकली, सोडवेना आणि सोडूनही देवेना. मग बायॉलॉजीचे ९० प्रश्न, म्हणजे निम्मा पेपर, ३६० गुण, घाईत झाले आणि येणारी उत्तरं चुकली. चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात म्हणून मुलं वाचूनच घाबरतात, पण खरं नुकसान त्या एका गुणाचं नसतं. अडकलेल्या प्रश्नावर गेलेली पाच मिनिटं म्हणजे पुढचे पाच प्रश्न, वीस गुण. यंदा तर मिनिटाला एक प्रश्न असाच हिशेब होता. तिने क्रम बदलला, बायॉलॉजी आधी, मग केमिस्ट्री, शेवटी फिजिक्स. आणि दीड मिनिटात सुरुवात सापडली नाही तर प्रश्नावर गोल करून पुढे जायचं, असं ठरवलं. ऑक्टोबरातल्या एका सराव पेपरात ‘अडकून बसले’ रकान्यात अकरा प्रश्न होते, एप्रिलातल्या शेवटच्या पेपरात दोन.

४ मेच्या पेपरात काय झालं ते उत्तरतालिका आल्यावर तिनेच जुळवलं. १३७ बरोबर, १७ चूक, २६ कोरे. म्हणजे ५४८ उणे १७, ५३१. गेल्या वर्षी कोरे फक्त ३ होते आणि चुकलेले २४. या दोन ओळींत तिचं वर्ष आहे. सव्वीस प्रश्न कोरे ठेवून उठायला काय धीर लागतो, ते शेजारच्या बाकावरचा मुलगा एकामागून एक गोळे रंगवत असताना ज्याने हे केलंय त्यालाच कळेल. मेसेजात लिहायचं ते हेच. आकडे नाहीत, कारण तिने ते मला विश्वासाने सांगितले होते आणि मेसेज पुढे ढकलला जाऊ शकतो. फक्त ती सवय आणि ती वही.

अशी गोष्ट माहीत नसेल तर? तर ती बनवायची नाही. ‘रात्रंदिवस घेतलेले कष्ट’ असं लिहिलं की ते न पाहता लिहिलंय हे लगेच कळतं, कारण दुसऱ्यांदा बसणारी शहाणी मुलं रात्रंदिवस अभ्यास करतच नाहीत. पेपर दुपारी २ ते ५ असतो, म्हणून ती दुपारी जागी राहायची आणि रात्री झोपायची सवय लावतात. माहीत नसेल तर आत्याला एक फोन करून विचारावं, ‘यंदा तिने काय वेगळं केलं?’ आईला सांगायला आवडतं आणि दोन मिनिटांत खरं काहीतरी हाती लागतं. तेही जमलं नाही तर दोनच ओळी लिहाव्यात. त्या खऱ्या असल्या तर पुरतात.

आता प्रश्न गेल्या वर्षाचा. त्याचा उल्लेख अजिबात टाळायचा, असाही एक विचार केला. पण सगळ्यांना माहीत असलेलं घडलंच नाही असं लिहिलं तर ते झाकल्यासारखं दिसतं, जणू त्यात लाजायचं काहीतरी आहे. म्हणून अर्धी ओळ ठेवायची, पण ती निकालावर नाही, निर्णयावर. जुलैच्या शेवटी घरात आयुर्वेदाचा फॉर्म भरायचं जवळपास ठरलं होतं आणि ‘मी पुन्हा बसते’ हे ती स्वतः बोलली होती. ते लिहिता येतं. इथेही एक वाक्य खोडावं लागलं. ‘तुझा निर्णय बरोबर ठरला’ असं आधी लिहिलं होतं. पण मग निकाल वेगळा लागला असता तर तो चूक ठरला असता का? निर्णयाचं कौतुक निकालाला बांधायचं नाही. आणि ही ओळ तेव्हाच लिहायची जेव्हा निर्णय खरोखर मुलाचा असतो. वडिलांच्या आग्रहाने पुन्हा बसलेल्याला ‘तूच ठरवलं होतंस’ लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं, आणि ते त्याला टोचेल.

शब्दांतला आणखी एक फरक इथे पाळावा लागतो. आपल्याकडे ‘निघाली’ आणि ‘नंबर लागला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकालाच्या दिवशी रँक कळते, कॉलेज कळत नाही. राज्याच्या सरकारी कॉलेजांतल्या ८५ टक्के जागा सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून भरतात, उरलेल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून. फॉर्म, कागदपत्रं, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, पहिली फेरी, यात आठवडे जातात. जूनमध्ये ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारली, ‘एमबीबीएसला नंबर लागल्याबद्दल’ लिहिलं, तर तिच्या पोटात गोळा येतो, कारण एकदा हातातलं गेलेलं तिने पाहिलंय. ‘मग कॉलेज कुठलं?’ हा प्रश्नही म्हणूनच विचारायचा नाही. त्याचं उत्तर तिच्याकडे नसतंच. निकालाच्या दिवशी अभिनंदन अभ्यासाचं. प्रवेशाचं वेगळं, नंबर लागल्यावर.

एनडीएसारख्या परीक्षेत हा फरक आणखी मोठा आहे. लेखी निघाली तरी पुढे एसएसबीची मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी असते, आणि लेखी निघालेल्यांतले बरेच जण तिथे थांबतात. जेईई ॲडव्हान्स्डला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येतं, म्हणजे दुसऱ्यांदा निघालेल्याची ती शेवटची संधी होती. त्याला तरी ‘शेवटी’ हा शब्द चुकूनही लिहू नये. कुठली परीक्षा, आणि निकालानंतर काय उरलंय, हे माहीत करून मगच शब्द निवडायचे.

हाक घरातली. नाव, आडनाव आणि आधी ‘कु.’ लावलं की ते सत्काराच्या पत्रासारखं होतं. लहानपणापासून चिमीच आहे, तर ‘चिमे’. शेवटी सहीही ती हाक मारते तशीच, ‘ताई’.

ओळींचा क्रम लावताना फोनची एक गोष्ट लक्षात ठेवली. कुलूप लावलेल्या पडद्यावर मेसेजची पहिली एक-दोन ओळच दिसते. ती आईच्या, भावाच्या, शेजारणीच्या नजरेस पडू शकते. म्हणून हाक, अभिनंदन आणि आनंद वर, वही आणि निर्णय खाली. पाठवलेला मेसेज असा:

चिमे, अभिनंदन! आत्याने टाकलेला निकाल पाहिला, फार फार आनंद झाला.
अडलेला प्रश्न सोडून पुढे जायचं, हे तू वर्षभर त्या निळ्या वहीत घोटलंस आणि असला पेपर समोर आल्यावर पाळलंस. मला ते सगळ्यात आवडलं.
पुन्हा बसायचं तूच ठरवलं होतंस, ते माझ्या लक्षात आहे.
आज फोन बाजूला ठेव आणि पोटभर झोप, याला उत्तर द्यायची घाई नाही.
पुढच्या रविवारी पेढे मी घेऊन येते. – ताई

शेवटच्या दोन ओळी उगाच नाहीत. त्या दिवशी तिच्या फोनवर शंभर मेसेज येतात आणि प्रत्येकाला ‘थँक्यू’ लिहिणं हे एक कामच होऊन बसतं. उत्तर नको असं स्पष्ट लिहिलं की तिच्या डोक्यावरचं एक ओझं कमी होतं. ‘पेढे कधी देणार?’ हेही मागणंच आहे, म्हणून पेढे आपण न्यायचे. पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचलं आणि शुद्धलेखन पाहिलं. ‘अभिनंदन’मधला ‘भि’ ऱ्हस्व, तोच फोनवर सगळ्यात जास्त चुकतो.

वेळही पाहिली. निकालानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत फोन चालूच असतात आणि मेसेज खाली जातो. रात्री साडेनऊला पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळीही चाललं असतं, पण तीन दिवसांनी नाही.

ग्रुपवर मात्र मी ‘चिमे, खूप खूप अभिनंदन!’ एवढंच लिहिलं. त्याच ग्रुपवर तिचा चुलतभाऊ आहे, तोही ४ मेच्याच पेपरला बसला होता, आणि त्याचं यंदा झालेलं नाही. पुन्हा बसण्याचा निर्णय, न डगमगता पाळलेला नियम, हे सगळं तिथे लिहिलं असतं तर तिच्यासाठी कौतुक आणि त्याच्यासाठी उपदेश झाला असता. कुणीतरी लगेच त्याला ‘बघ, चिमीसारखं कर’ असं लिहिलंच असतं. त्याला मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. दोन दिवसांनी फोन केला आणि निकालाचं त्याने काढलं तेवढंच बोलले.

तिचं उत्तर चौथ्या दिवशी आलं, वहीच्या शेवटच्या पानाचा फोटो. ‘अडकून बसले’ खाली ४ मे अशी तारीख, आणि पुढे एकच प्रश्न, सहा मिनिटं. नंबर लागल्याच्या दिवसासाठी एक ओळ मी वेगळी ठेवली आहे: ‘चिमे, नंबर लागला! कॉलेजात कागद जमा करायला मी येऊ का बरोबर?’ मूळ कागदपत्रांची फाइल, प्रत्येकाच्या झेरॉक्सचे संच आणि पासपोर्ट फोटो घेऊन दिवसभर रांगेत उभं राहावं लागतं, आणि तिथे सोबत लागते.